तेल लावलेला खांब

सळईच्या कंपनीला आधीची जाहिरात आठ दिवसांत मागे घ्यावी लागली होती. तीत सहाव्या मजल्याच्या कडेला एक कामगार छाती पुढे काढून उभा होता. डोक्यावर हेल्मेट नाही, अंगावर पट्टा नाही, शर्टाची बटणं उघडी. लोकांनी तक्रारी केल्या. म्हणून या वेळी कंपनीने ठरवलं, की जाहिरात खऱ्या साइटवर करायची, कामगारांच्या अंगावर सगळी सुरक्षा साधनं बरोबर दाखवायची आणि मजबुतीबद्दल खोटं काही सांगायचं नाही. खरं बोलायचं ठरवायला त्यांना तीन बैठका लागल्या, असं मला नंतर कळलं.

आमच्या इमारतीत त्यांचीच सळई होती, म्हणून त्यांनी आमची साइट निवडली. मी तिथे गुणवत्ता तपासते: काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडणं, सळईचे तुकडे ओढून आणि वाकवून बघणं, आणि खांब किंवा स्लॅब ओतण्याआधी पोअर कार्डावर सही करणं. माझी सही नसेल तर काँक्रीट ओतत नाहीत. मला न विचारताच त्यांनी त्यांच्या कागदांत ‘तांत्रिक सल्लागार’ म्हणून माझी नोंद केली.

शूटिंगच्या आठवडाभर आधी कंपनीचा ब्रँडवाला गोष्ट ऐकवायला आला. गोष्टीत एक पैलवान सळईला लोंबकळतो, सळई तसूभरही वाकत नाही आणि पैलवान घाम पुसतो.

“सळई वाकत का नाही?” मी विचारलं.

“म्हणजे काय मॅडम! मजबूत आहे म्हणून.”

“जी वाकतच नाही ती एक दिवस न सांगता तुटते. चांगली सळई आधी ताणली जाते, वाकते. खांबाला तडे दिसतात, माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो.”

“वाकणारी सळई कोण विकत घेईल?”

मी त्याला प्रयोगशाळेत नेलं. यंत्रावर एक तुकडा ठरलेल्या जाडीच्या दांड्याभोवती गार असतानाच वाकवला, पार दोन्ही टोकं समोरासमोर येईपर्यंत. मग वाकाच्या बाहेरच्या बाजूवर भिंग धरलं. एकही चीर नव्हती.

“हे दाखवा,” मी म्हटलं. “हे खरं आहे.”

त्याने तो तुकडा हातात फिरवून पाहिला. “केसातल्या आकड्यासारखा दिसतो हो,” तो म्हणाला. तरी जाहिरातीत त्याला दोन सेकंद द्यायला तयार झाला.

शूटिंगच्या दिवशी मी सकाळी साडेआठला पाचव्या मजल्यावरचा सात नंबरचा खांब तपासला. तो कॅमेऱ्यात येणार होता आणि संध्याकाळी चारला ओतायचाही होता. खालच्या मजल्यातून वर आलेल्या सळया, त्यांना जोडलेल्या नव्या सळया, भोवतीच्या रिंगा, काँक्रीटचं आवरण राखणारे ठोकळे, सगळं मोजलं. काम काकांच्या टोळीचं होतं, त्यामुळे मोजायला फार काही उरत नसे.

काका म्हणजे सळई बांधणाऱ्या टोळीचे मुकादम. साठीच्या आसपासचे, तोंडाने तिखट. टोळीत सहा माणसं, त्यांतली एक त्यांची सून. तिचा हात सगळ्यांत चपळ. तारेची गाठ मारून ती पुढच्या गाठीवर जाई तोवर बाकीचे तार पिळायचा हुक शोधत असत.

त्यांच्यावर एक लाल कागद आधीच लागला होता. साइटवर चूक सापडली की ती नोंदवायचा फॉर्म असतो, त्याला सगळे लाल कागद म्हणतात. सहा महिन्यांपूर्वी एका तुळईखालचे ठोकळे सरकले होते आणि तो कागद मीच भरला होता. काकांनी वाचला, “बरोबर आहे ताई,” म्हणाले आणि अंगठ्याला शाई न लावता सही केली. त्या सहीचा त्यांना अभिमान होता. पण एकाच टोळीवर दोन लाल कागद झाले की टोळी साइटबाहेर, असा आमचा नियम. एकदा बाहेर पडलेल्या टोळीला या ठेकेदाराच्या दुसऱ्या साइटवरही उभं करत नाहीत. सहा माणसांची चूल त्या एका कागदावर तोलून होती.

शूटिंगवाले नऊला आले. दोन नट कामगार झाले होते. हेल्मेट, हनुवटीचा पट्टा, हातमोजे, सेफ्टी बूट, चमकतं जाकीट, अंगभर हार्नेस, सगळं नवंकोरं. मुख्य नटाने हार्नेसचा हुक स्वतःच्याच कमरेच्या कडीत अडकवला होता.

“पडलात तर स्वतःला धरून पडाल,” मी म्हटलं आणि हुक डोक्यावरच्या जीवनदोरीत अडकवायला लावला. दुसऱ्याने तो खांबाच्या रिंगेत अडकवला होता, तोही काढला. परांचीचा कठडा, मधली दांडी, खालची फळी, उभ्या सळयांच्या टोकांवरच्या पिवळ्या टोप्या, सगळं तपासून ब्रँडवाल्याच्या यादीवर खुणा केल्या. तो प्रत्येक खुणेला परीक्षेत पास झाल्यासारखा हसत होता.

मग त्यांच्या कलाविभागाचा प्रमुख आला. काळा चष्मा, आखूड दाढी आणि मळवण्याचा ब्रश. नवी जाकिटं फार नवी दिसतात म्हणून तो ब्रश चहाच्या पाण्यात बुडवून नटांच्या पाठीवर मळ रंगवत होता. ते झाल्यावर त्याची नजर खांबाकडे गेली.

“हे गंजलंय!”

“हलका गंज आहे,” मी म्हटलं. “सळई उघड्यावर राहिली की धरतोच. पापुद्रे सुटत नाहीत, उंचवटे शाबूत आहेत. काँक्रीटला त्याने काही अपाय नाही. राहू द्या.”

“पण दिसतं कसं?”

“सळईसारखं.”

काकांची सून खाली बसून हुक पुसत होती. “माणसाला मळवायचं आणि लोखंडाला धुवायचं,” ती सासऱ्यांना म्हणाली. “यांच्या घरी भांडी कशी घासत असतील हो, मामंजी?”

काका हसले, पण त्यांना फार वेळ हसू दिलं नाही. खरे कामगार चित्रात नको म्हणून टोळीला खाली पाठवलं. मीही ठोकळे फोडायला प्रयोगशाळेत गेले. काँक्रीट ओतून अठ्ठावीस दिवस झाले की ते फोडून ताकद मोजतात, ती मुदत त्या दिवशी संपत होती आणि ठोकळ्यांना शूटिंगचं कौतुक नसतं.

दीडच्या सुमारास काकांचा फोन आला.

“ताई, वर या. आपल्या खांबाला कुणीतरी मालिश केलीय.”

मी वर गेले. शूटिंगवाले जेवायला गेले होते. सात नंबरचा खांब निळसर काळा, ओला चमकत होता. मी हातमोजा काढून बोट लावलं. बोट घसरलं. वास ओळखीचा होता. शटरिंगच्या फळ्या काँक्रीटला चिकटू नयेत म्हणून त्यांना लावतात ते तेल. त्याचा ड्रम तिथेच कोपऱ्यात होता, झाकण उघडं, काठावर फडकं.

एखादी वस्तू काँक्रीटला चिकटू नये म्हणून जे बनवलं आहे, तेच त्यांनी काँक्रीटला चिकटलंच पाहिजे अशा वस्तूला लावलं होतं. जगात इतकी तेलं असताना नेमकं तेच.

“तुम्ही वर कधी आलात?” मी काकांना विचारलं.

“आत्ता, जेवून. हात लावला नि कळलं.” त्यांनी तेलकट बोट बाहीला पुसलं. मग म्हणाले, “सूनबाई म्हणाली, बोलू नका. चारला ओततील, झाकलं जाईल. कुणाला दिसणार?”

“मग का बोललात?”

“मला दिसलं ना.”

सून पलीकडे उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. या साइटवर जो चूक दाखवतो त्याच्याच दारात ती बांधली जाते, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

मी साइटप्रमुखांना, म्हणजे मोठ्या साहेबांना, बोलावलं. त्यांच्याबरोबर ब्रँडवाला आणि कलाप्रमुखही आले. कलाप्रमुखाच्या तोंडात बडीशेप होती.

“पॉलिश आहे,” तो म्हणाला. “हलकंसं. कॅमेऱ्यात काय उठून दिसलं माहितीय!”

“ड्रमवर काय लिहिलं होतं?”

“तेल.”

“कशाचं, ते खाली लिहिलंय.”

“ते बारीक अक्षरात आहे,” तो म्हणाला, जणू चूक अक्षरांची होती.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. “मॅडम, सळईवर उंचवटे आहेत ना? पकड त्यांचीच असते. थोडं तेल लागलं तर काय आभाळ कोसळणार आहे का?”

“पकड उंचवट्यांची असते, तशी चिकटण्याची आणि घर्षणाचीही असते. इथे खालची सळई वरच्या सळईला नुसती शेजारी बांधलीय. एकीचा भार दुसरीत जातो तो मधल्या काँक्रीटमधून. किती भार किती लांबीत जाईल याचा हिशेब स्वच्छ सळई धरून केलेला असतो.”

“मग किती टक्के पकड कमी झाली? सांगा आकडा.”

“मला माहीत नाही.”

“बघा!”

“म्हणूनच सही करणार नाही. आकडा माहीत असता तर विचार केला असता.”

माझ्याकडे पाण्याची बाटली होती. मी शेजारच्या आठ नंबरच्या खांबाच्या गंजक्या सळईवर थोडं पाणी ओतलं. पाणी पसरलं आणि सळई ओली, गडद झाली. मग तेच पाणी सात नंबरवर ओतलं. त्याचे गोल थेंब झाले, घरंगळले आणि खाली टपकले. जुन्या काँक्रीटचा जो पृष्ठभाग नव्याशी जुळावा म्हणून टाचून खडबडीत केला होता, त्यावरही तेलाचा डाग पसरला होता. थेंब त्यावरही उभेच राहिले.

ब्रँडवाला वाकून बघत होता. त्याचा चेहरा उतरला. “हे आमच्या सळईवर...?”

“सळई तुमची चांगली आहे,” मी म्हटलं. “तुमची माणसं तिला लागलीत.”

साहेबांनी पुन्हा घड्याळ पाहिलं. त्यांनी अशा नोकरीत वीस वर्षं काढली होती. कुठे अडायचं आणि कुठून वळसा घ्यायचा हे त्यांना पाठ होतं.

“ठीक. खांब सोडवा. चारचं काँक्रीट रद्द.” मग त्यांनी मला बाजूला घेतलं. “लाल कागद भरावा लागेल. काकांच्या टोळीच्या नावाने भरा.”

“त्यांची टोळी खाली होती.”

“ते तुम्हाला ठाऊक. बाहेरच्या माणसांनी केलं असं लिहिलं, तर तपासून झालेल्या खांबापाशी बाहेरच्यांना कुणी सोडलं, असा प्रश्न येतो. परवानगी माझी आहे. सळईवर तेल सापडलं की ती सळईवाल्याची, म्हणजे बांधणाऱ्या टोळीची, चूक, सगळीकडे असंच लिहितात.”

“दुसरा कागद लागला की टोळी बाहेर जाईल.”

“टोळ्या काय, येतात नि जातात. दुसरी बघू. मलाही वाईट वाटतं हो.”

त्यांना वाईट वाटत होतं हे खरं असावं. जिला काही खर्च येत नाही ती गोष्ट माणूस सढळ हाताने देतो.

मी वळले तर काका चार पावलांवर होते. त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी कमरेचा हुक काढला, पुसला, परत खोचला.

“सूनबाई,” ते म्हणाले, “तू म्हणाली होतीस.”

“मी कुठे काय म्हणाले,” ती म्हणाली.  मग ती साहेबांकडे वळून मोठ्याने म्हणाली, “तेल लावायला आम्ही काय लोणचं घालतोय का इथे?”

साहेबांनी ऐकलं नाही. साहेबांना ऐकू न येण्याची चांगली सवय होती.

मी खाली माझ्या खोलीत आले, लाल कागदाचा फॉर्म काढला आणि समोर ठेवला. मी तिथे नव्हते. मी साडेनऊला खाली गेले आणि दीडला वर आले. मधलं काही पाहिलं नाही. कलाप्रमुखाने साहेबांसमोर कबूल केलं होतं, पण साहेबांनी ते ऐकलंच नव्हतं, असं संध्याकाळपर्यंत ठरणार होतं. माझं म्हणणं साहेबांच्या म्हणण्याविरुद्ध उभं राहणार होतं, आणि असल्या वजनात साहेबांचं पारडं नेहमी जड ठरतं.

मग मला त्या बाईची आठवण झाली.

शूटिंगवाल्यांत चाळिशीची एक बाई होती. तिच्या गळ्यात छोटा कॅमेरा आणि हातात तक्त्यांची वही. सकाळी तिने माझाही फोटो काढला होता, कारण माझी सावली चित्राच्या कोपऱ्यात येत होती. तिचं काम एवढंच, की एका दृश्यात जे जसं होतं ते पुढच्या दृश्यात तसंच राहावं. नटाच्या बाहीची घडी, मळाचा डाग, पिवळ्या टोप्यांची संख्या, सगळ्याचे आधीचे आणि नंतरचे फोटो ती काढायची आणि खाली वेळ लिहायची.

ती जिन्याखाली खुर्ची टाकून वही भरत होती.

“खांब पूर्वीसारखा करायचाय,” मी म्हटलं. “तेल लावण्याआधीचा फोटो मिळेल?”

“का नाही!” तिला आनंद झाला. तिच्या कामाविषयी सहसा कुणी विचारत नसावं. “आधीचा नऊ वाजून पन्नास मिनिटांचा. नंतरचा दहा पस्तीसचा. आणि मधले दोन आहेत, डाग कुठवर गेला ते बघायला.”

मधल्या दोनपैकी एकात कलाप्रमुख परांचीवर उभा होता. डोक्यावर हेल्मेट, हनुवटीचा पट्टा नीट आवळलेला, डोळ्यांवर काळ्याऐवजी सुरक्षेचा चष्मा, हातात मोजे, हार्नेसचा हुक जीवनदोरीत, अगदी मी शिकवल्याप्रमाणे. एका हातात तेलाचा डबा, दुसऱ्या हातात फडकं. ब्रँडवाल्याच्या यादीत याला दहापैकी दहा मिळाले असते.

फोटोत त्याच्या पाठीमागे, खाली अंगणात, काकांची टोळी सळयांच्या ढिगापाशी बसलेली दिसत होती. सहा हेल्मेटं. मी मोजली.

“हे मी लाल कागदाला जोडणार आहे,” मी तिला सांगितलं. न सांगता घेणं मला बरं वाटलं नाही. “तुमच्या प्रमुखाचं नाव येईल.”

तिने चष्मा वर सरकवला, फोटोकडे पाहिलं आणि चारही फोटो मला पाठवून दिले.

“मी कुणाच्या बाजूने फोटो काढत नाही,” ती म्हणाली. “जे असतं ते टिपते. तो माझ्या तक्त्यांना ‘किराणा यादी’ म्हणतो.”

फॉर्म मी आधी कधी नीट पाहिलाच नव्हता, हे त्या दिवशी कळलं. ‘चूक कोणाची’ या ओळीपुढे चार रकाने छापलेले होते: सळईवाले, सुतार, काँक्रीटवाले, माल वाहणारे. हेल्मेट घालून हाताने काम करणारे तेवढे चार. ज्याने कुणी तो छापला त्याला पाचवा माणूस चूक करू शकतो हे सुचलं नसावं, किंवा चांगलंच सुचलं असावं.

मी पट्टी घेतली आणि चौथ्या रकान्याशेजारी तेवढ्याच मापाचा पाचवा काढला. त्यावर लिहिलं: ‘जाहिरात पथक, साइटप्रमुखांच्या परवानगीने’. त्यात खूण केली. खाली वेळा, तेलाचं नाव, डाग किती उंचीपर्यंत, पाण्याच्या थेंबांची चाचणी, आणि चूक सळईवाल्यांच्या मुकादमांनी स्वतः लक्षात आणून दिली, ही ओळ. चारही फोटो जोडले. अशा कागदाची एक प्रत इमारतीचा आराखडा करणाऱ्या अभियंत्यांना जाते. ती मी आधी पाठवली, मग साहेबांकडे गेले.

त्यांनी वाचलं. कान लाल झाले.

“फॉर्म बदलायचा तुम्हाला अधिकार नाही.”

“नाही. म्हणून पेनाने काढलाय.”

“तुम्हाला कळतंय का, तुम्ही काय करताय?”

“तुमची सही ‘मिळाला’ एवढ्यालाच लागते, साहेब. ‘पटला’ला वेगळी जागा नाही.”

त्यांनी सही केली. प्रत आधीच गेली होती, म्हणून. ते मनाने थोर झाले असा माझा गैरसमज नाही.

खांब नीट व्हायला दोन दिवस लागले. नव्या सळया आणि रिंगा काढून टाकल्या. खालून आलेल्या सळया काढता येत नाहीत, त्या द्रावणाने आणि तारेच्या ब्रशने एकेक करून घासल्या. द्रावण पेट घेईल म्हणून तेवढा वेळ त्या मजल्यावर वेल्डिंग बंद ठेवलं. तेल पडलेलं जुनं काँक्रीट टाचून काढलं. काका प्रत्येक सळईवर पांढरं फडकं फिरवून मला दाखवत आणि पाणी शिंपडत. पाणी पसरलं की म्हणत, “घ्या, रुसवा गेला.” मग सूनबाईने नव्या रिंगा बांधल्या आणि मी पोअर कार्डावर सही केली.

शूटिंग पुन्हा करावं लागलं, या वेळी आठ नंबरच्या गंजक्या खांबापाशी. लाल कागदावर कंपनीचा उल्लेख आल्यामुळे ब्रँडवाला गंजाला देवासारखा जपत होता. कलाप्रमुखाला ड्रमपासून वीस फूट लांब उभं केलं होतं. नटाला तारेची गाठ येईना. अर्धा तास त्याने हुक फिरवला, तार तुटत राहिली. शेवटी जवळून दिसणारे हात सूनबाईचे घेतले.

दोन महिन्यांनी जाहिरात लागली. जेवणाच्या सुट्टीत माझ्या खोलीत काकांनी ती माझ्या फोनवर पाहिली. सूनबाई त्यांच्या खांद्यावरून डोकावत होती. सगळ्यांचे पट्टे आवळलेले, सगळे हुक जागच्या जागी. सळई गंजकी. दोन सेकंद ती यंत्रावर वाकते आणि चिरत नाही. खोटं काही नव्हतं. ‘खऱ्या गंजाची कल्पना’ आपलीच, असं ब्रँडवाल्याने कुठल्याशा समारंभात सांगितल्याचं ऐकलं.

“हात आमचे, मिशी त्याची,” सूनबाई म्हणाली. “बरा जोडलाय.”

काकांनी फोन परत दिला. जाहिरातीत त्यांना रस नव्हता. त्यांचं लक्ष माझ्या टेबलावरच्या लाल कागदांच्या फाइलकडे होतं.

“ताई, त्यात आमचं काय आहे?”

मी फाइल सात नंबरच्या खांबाच्या कागदावर उघडून त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी बोट ठेवून सगळे रकाने वाचले, पाचवाही. सळईवाल्यांचा रकाना कोरा होता. त्यावर ते जरा जास्त वेळ थांबले.

“पट्टीने काढलाय का हा?”

“हो.”

“सरळ आलाय,” काका म्हणाले, आणि हुक घेऊन वर गेले.